शिखांचे पाच ककार
शीख लोक केस, कडं, कृपाण अशा पाच गोष्टी का बाळगतात? प्रत्येकीचा अर्थ काय?

१६९९ च्या वैशाखीला आनंदपूर साहिबला गुरू गोविंदसिंगांनी खालसा पंथ स्थापन केला, त्याची ही ओळख. अमृत घेतलेल्या, म्हणजे खालसाची दीक्षा घेतलेल्या शिखाने, मग स्त्री असो वा पुरुष, पाचही सतत अंगावर ठेवायचे असतात.

मुख्य म्हणजे केश. देवाने दिलेलं शरीर आहे तसं स्वीकारायचं, म्हणून अंगावरचा एकही केस कापायचा नाही. पण जटा वाढवून संसार सोडणाऱ्या बैराग्याची वाट शीख धर्माला मान्य नाही, म्हणून सोबत कंगा आला. रोज दोनदा केस विंचरायचे, अंबाडा बांधायचा आणि तो छोटा लाकडी कंगा त्यातच खोचायचा. वरून पगडी येते, त्यामुळे आपल्याला तो दिसत नाही. (पगडी स्वतः या पाचांत नाही, हे अनेकांना माहीत नसतं.)

कडं साध्या लोखंडाचं किंवा पोलादाचं. सोन्याचं चालत नाही, कारण तो दागिना नव्हे. हात वाईट कामाकडे वळला की ते आधी नजरेस पडावं. कछेरा, म्हणजे नाडीची गुडघ्यापर्यंतची चड्डी, संयमासाठी. कृपाण दुबळ्यांच्या रक्षणासाठी. ती बाळगण्याचा हक्क आपल्या राज्यघटनेच्या कलम २५ मध्येच स्पष्ट लिहिला आहे.