वहीतलं 2007 चं पान

प्रिय,

तुझं पत्र परवा रात्री वाचलं आणि सकाळी चहा घेताना पुन्हा वाचलं. फोनची अ‍ॅप बनवणाऱ्या फ्लटरच्या टीममध्ये जायचं की पेमेंटच्या हिशेबजुळणीच्या टीममध्ये, हा प्रश्न तू तीन पानांत मांडलास. पण खरा प्रश्न शेवटच्या ओळीत होता: "ताई, पाच वर्षांनी कळलं की चुकले, तर काय करू?" म्हणून शेवटापासूनच सुरुवात करते.

माझ्याकडे 2007 ची एक वही आहे. तिच्यात एका पानावर उभी रेघ मारून मी दोन नोकऱ्या लिहिल्यात. डावीकडे पुण्यातल्याच एका ई-लर्निंग कंपनीत फ्लॅशचं काम, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणारी अ‍ॅनिमेशन बनवणं. उजवीकडे बँकेचे रिपोर्ट काढण्याचं काम, म्हणजे दिवसभर एसक्यूएल लिहून डेटाबेसमधून माहिती काढणं. डाव्या बाजूला लिहिलंय: "काम दिसतं. मजा येते. सगळीकडे मागणी." उजव्या बाजूला एकच शब्द आहे, "कंटाळा". मी डावी बाजू घेतली, हे तुला ठाऊकच आहे.

पुढचं आता सगळ्यांनाच माहीत आहे. एप्रिल 2010 मध्ये स्टीव्ह जॉब्जनी जाहीर पत्र लिहून आयफोन-आयपॅडवर फ्लॅश का चालणार नाही ते सांगितलं. नोव्हेंबर 2011 मध्ये अडोबीनं मोबाइल ब्राउझरसाठीचा फ्लॅश प्लेअर पुढे नेणं थांबवलं. 2020 च्या 31 डिसेंबरला डेस्कटॉपवरचाही आधार संपला. मी 2012 च्या मध्यावर बाहेर पडले, कमी पगारावर, आणि माझ्याहून पाच वर्षांनी लहान मुलाच्या हाताखाली. तेव्हा रोज रात्री ते उजवीकडचं "कंटाळा" आठवायचं आणि स्वतःच्या मुस्काटात मारावीशी वाटायची.

मग एकदा वही काढून ते पान नीट वाचलं. 2007 साली मला जे माहीत होतं त्यात तो निर्णय चुकीचा नव्हता. तेव्हा ब्राउझरमध्ये अ‍ॅनिमेशन आणि आवाज एकत्र, भरवशानं चालवायला दुसरं फारसं काही नव्हतं. त्या पगारावर मी घराचे हप्ते भरले. चूक त्या पानावर नव्हतीच. ती एप्रिल 2010 ते 2012 च्या मध्यात होती, आणि त्या दोन वर्षांचं वहीत एकही पान नाही.

तिथेच का थांबून राहिले, तेही सांगते, कारण तुझ्यावरही ही वेळ येईल. आमच्याकडे कामं येतच होती. गिऱ्हाईक म्हणजे मोठ्या कंपन्या, आणि त्यांच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर जुना इंटरनेट एक्सप्लोरर. कॅनव्हासवर चित्र काढण्याची सोय त्यात नवव्या आवृत्तीत आली, तीही 2011 मध्ये. म्हणजे त्या ऑफिसांत फ्लॅशला पर्यायच नव्हता, आणि आम्ही म्हणायचो, "जग काय म्हणायचं ते म्हणू दे, आपली ऑर्डर बुक बघ." पण ऑर्डर बुकात दिसतात ते वर्षभरापूर्वी कुणीतरी घेतलेले निर्णय. पुढचं कळतं ते नव्या विचारणांतून. 2010 च्या पावसाळ्यापासून जवळपास प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाच्या यादीत एक ओळ दिसायला लागली होती: "आयपॅडवर चालेल का?" विक्रीवाल्यांकडून त्या याद्या माझ्याच टेबलावर यायच्या. मी तिथे "नाही" लिहायचे आणि पुढच्या ओळीकडे वळायचे.

तेव्हा माझं पहिलं सांगणं हे, की काय निवडतेस याच्याबरोबर कुठली खूण दिसली की सोडशील हेही त्याच दिवशी लिही. "मागणी कमी झाली तर" असलं ढगळ नको. ती खूण तुला स्वतःच्या डोळ्यांनी दिसली पाहिजे आणि मोजता आली पाहिजे. फ्लटर घेतलंस तर, उदाहरणार्थ, "सलग दोन तिमाही कंपनीत एकही नवं अ‍ॅप फ्लटरमध्ये सुरू झालं नाही, फक्त जुनीच सांभाळली गेली" असं लिही. खूण दिसली म्हणजे लगेच राजीनामा द्यायचा असं नाही. त्या आठवड्यात वही उघडून नवं पान लिहायचं, एवढंच. माझं ते पान लिहिलं गेलं असतं तर बहुतेक मी दीड वर्ष आधी निघाले असते.

आता कुठलं कौशल्य टिकेल याबद्दल. ते कुणालाच माहीत नाही आणि मलाही नाही. पण माझ्याजवळचं काय टिकलं, हे सांगता येतं, आणि ते मी कधीच ओळखलं नसतं.

आमचे कोर्स गिऱ्हाइकाच्या एलएमएसवर, म्हणजे कोर्स चालवून त्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, चढायचे. शिकणारा कुठवर आला, किती मार्क मिळाले, हे कोर्सनं एलएमएसला कळवायचं असतं, आणि कसं कळवायचं ते स्कॉर्म नावाचं मानक ठरवतं. आमच्याकडे त्याची 1.2 ही 2001 मधली आवृत्ती चालायची. हे काम कुणालाच नको असायचं, कारण त्यात पडद्यावर काही दिसत नाही. एकदा साठ स्क्रीनच्या एका कोर्सची तक्रार आली: माणूस अर्ध्यावर उठला की परत आल्यावर पहिल्या स्क्रीनवर जातो. आमच्याकडे तपासलं तर सगळं ठीक. दोन दिवस मी फ्लॅशमध्येच चूक शोधत बसले. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की तपासताना आम्ही पहिले आठ-दहा स्क्रीनच बघत होतो, आणि तक्रार करणारे सगळे चाळिसाव्याच्या पुढे गेलेले होते.

शिकणाऱ्याची अर्धवट स्थिती साठवायला त्या आवृत्तीत मुख्य जागा असते ती `cmi.suspend_data`, आणि तिची मर्यादा 4096 अक्षरं. आम्ही प्रत्येक प्रश्नाचं उत्तर अख्ख्या वाक्यासकट तिथे कोंबत होतो. मर्यादा ओलांडली की त्या एलएमएसनं शेपूट गुपचूप कापलं, उरलेला मजकूर आमच्या कोडला वाचता येईना, आणि कोर्स पहिल्यापासून सुरू. उपाय अगदी साधा निघाला. दर स्क्रीनमागे एकच आकडा: 0 म्हणजे न पाहिलेला, 1 म्हणजे पाहिलेला, 2 म्हणजे पूर्ण.

```
LMSSetValue("cmi.suspend_data", "222210000...");
LMSCommit("");
```

साठ स्क्रीन, साठ अक्षरं. 2012 मध्ये ज्या कंपनीनं मला घेतलं, तिला जुने फ्लॅश कोर्स एचटीएमएलमध्ये आणायचे होते. मुलाखतीत माझ्या अ‍ॅनिमेशनबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. विचारलं ते हे: "शिकणारा मधूनच पहिल्या पानावर जातो, कुठे बघाल?"

आणखी एक गोष्ट टिकली. फ्लॅशमध्ये एखादी क्लिप पडद्यावरून काढली तरी तिनं स्टेजवर लावलेला लिसनर, म्हणजे क्लिक वगैरे घडायची वाट बघणारा कोड, काढला नाही तर ती मेमरीत जिवंतच राहायची. विसाव्या स्क्रीनवर कोर्स रखडायला लागला की मी `System.totalMemory` छापून बघायचे. पुढच्या स्क्रीनवर गेलं तरी आकडा खाली येतच नसला, तर कुठेतरी लिसनर अडकलेला. नंतर जावास्क्रिप्टमध्ये हेच भूत भेटलं. तू फ्लटर घेतलंस तर तुलाही भेटेल: अ‍ॅनिमेशनचा कंट्रोलर केलास आणि काम संपल्यावर त्याला मोकळं करणारं `dispose()` विसरलीस, की तोच तो.

यावरून "मूलभूत गोष्टी शिक, टूल बदलत राहतात" असं मी म्हणणार, असं तुला वाटत असेल. नाही म्हणत. लिसनरचं मला कुठल्या पुस्तकातून कळलं नाही, फ्लॅशमध्ये खोल उतरले म्हणून कळलं. शिवाय नोकरी मिळते ती टूलच्या नावावरच, हे विसरू नकोस.

तुझ्यापुरतं करता येण्यासारखं एक आहे. दोन्ही टीममधल्या सीनिअरना गाठ आणि गेल्या महिन्यात बंद केलेली दहा-दहा तिकिटं, म्हणजे नोंदवलेल्या अडचणी आणि कामं, दाखवायला सांग. प्रत्येकापुढे विचार: टूल दुसरं असतं तर ही अडचण आली असती का? आवृत्ती बदलली म्हणून बिल्ड मोडला, एखादा प्लगइन बंद पडला, ही टूलची अडचण. ग्राहकाच्या खात्यातून पैसे गेले पण उत्तर वेळेत आलं नाही, अ‍ॅपनं तीच विनंती पुन्हा पाठवली, आणि आता एक व्यवहार आहे की दोन हे ठरवायचंय, ही कामातलीच अडचण. ती एसक्यूएल गेलं तरी राहील. दहापैकी आठ तिकिटं पहिल्या जातीची निघाली, तर तिथे तू पुष्कळ राबशील आणि बरोबर न्यायला थोडं उरेल. पण फ्लटरच्या टीमचीही सहा-सात दुसऱ्या जातीची निघू शकतात: नेट नसताना अ‍ॅपनं काय दाखवायचं, स्वस्त फोनवर यादी का अडखळते. आधीच धरून चालू नकोस. मी नुसत्या नावावरून "कंटाळा" लिहिलं होतं.

यातून पगार कुठे वाढेल ते कळणार नाही. तुला कुठे आवडेल तेही नाही. त्यासाठी दोन्हीकडची एकेक छोटी तिकिटं शनिवारी करून बघ, मॅनेजरला विचारून. रविवारी पुन्हा तिकडे हात वळतो का, ते तुझं तुलाच दिसेल.

पस्तावा जातो का, असंही विचारलंयस. 2007 चा गेला. न घेतलेल्या नोकरीतली जी मी डोळ्यांपुढे आणायचे, तिचा बॉस कधी ओरडायचा नाही आणि तिचा प्रोजेक्ट कधी बंद पडायचा नाही. अशा बाईशी स्वतःची तुलना किती दिवस करणार? 2010 ते 12 चा अजून अधूनमधून टोचतो, पण त्यातून निदान खुणेची सवय लागली.

एक मात्र गेलेला नाही. 2011 च्या उन्हाळ्यात कॉलेजातून आलेल्या दोन मुलींना मी फ्लॅशचं प्रशिक्षण दिलं. त्यातल्या एकीनं जेवणाच्या सुट्टीत विचारलं होतं, "मॅडम, हे चालेल ना पुढे?" आयपॅडच्या ओळीसमोर "नाही" लिहिलेल्या याद्या माझ्या खणात होत्या. मी म्हटलं, "चालेल गं." त्या वेळी मला माहीत नव्हतं, ही सबब इथे लागू पडत नाही, म्हणून हा पस्तावा मी घालवायचा प्रयत्नही करत नाही. तुला उत्तर द्यायला दोन दिवस लागले, त्यालाही कारण तीच मुलगी.

तिकिटं बघून झाली की कळव. पुढच्या रविवारी दुपारी मी घरीच आहे. येताना कोरी वही आण. माझीही काढून ठेवते.

तुझी,
ताई