बाणावर काय लिहिलंस?

प्रिय मुली,

तुझा सरावपेपर काल रात्री दोनदा वाचला. कलम ३५६ च्या, म्हणजे राष्ट्रपती राजवटीच्या उत्तरात तू तीन चौकटी काढल्यास: राज्यपाल, राष्ट्रपती, संसद. मध्ये दोन बाण, दोन्ही कोरे. वर विचारतेस, "आकृती काढूनही गुण का नाहीत?"

अगं, गुण चौकटीला नसतात, बाणाला असतात. राज्यपाल आणि राष्ट्रपती ही नावं परीक्षकाला ठाऊकच आहेत. एकाकडून दुसऱ्याकडे गोष्ट कशाच्या जोरावर जाते, ते बाणावर लिही.

हीच आकृती पुन्हा काढू. राष्ट्रपतींकडे जाणारे बाण दोन हवेत, कारण घटना म्हणते, राज्यपालांच्या अहवालावरून "किंवा अन्यथा". तू एकच काढलास, म्हणजे अहवालाशिवाय राष्ट्रपती राजवट लागूच शकत नाही असं सांगितलंस. ते चूक आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाची चौकट तर तू गाळलीसच. मंत्रिमंडळाकडून राष्ट्रपतींकडे जाणाऱ्या बाणावर "सल्ला" लिही आणि एक बाण उलटा काढ: "फेरविचारासाठी, एकदाच". १९९७ मध्ये राष्ट्रपती के. आर. नारायणन यांनी उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लावायची शिफारस याच वाटेने परत पाठवली होती. तो उलटा बाण एका परिच्छेदाचं काम करतो. पुढे संसदेच्या बाणावर "२ महिन्यांत, दोन्ही सभागृहं, साधं बहुमत". मग "६ महिने", पुन्हा मंजुरी, कमाल ३ वर्षं. एका वर्षापुढच्या बाणावर दोन अटी: राष्ट्रीय आणीबाणी लागू असणं आणि निवडणूक आयोगाचं प्रमाणपत्र. बाजूला तुटक रेघेने सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, "बोम्मई, १९९४": संसदेची मंजुरी येईपर्यंत विधानसभा बरखास्त करायची नाही.

हे सगळं दीड मिनिटात होतं. तीन तासांत २५० गुण, म्हणजे दहा गुणांच्या प्रश्नाला सात मिनिटं. उरलेली साडेपाच मिनिटं वाक्यांना दे, कारण "राज्यपालपदाचा गैरवापर झाला का?" याचं उत्तर कुठल्याच बाणात मावत नाही. तिथे युक्तिवाद लागतो. संघराज्यावरच्या वादाच्या चौकटी करू नकोस, फार राग येतो मला.

मी पट्टी घेऊन चौकटी आखायचो. सुबक, दुहेरी रेघांच्या. एका वर्षी शेवटचे दोन प्रश्न कोरे राहिले. पुढच्या वर्षी आकृत्याच सोडल्या, सगळं गद्यात लिहिलं, तरी वेळ पुरला नाही. लोक म्हणाले, आकृतीचा नाद वाईट. नाद वाईट नव्हता, माझे बाण कोरे होते. हे मी अजूनही ठासून सांगतो, कुणाला हट्ट वाटला तरी.

रविवारपर्यंत घटनादुरुस्तीची, कलम ३६८ ची आकृती पाठव. पट्टी न वापरता, पेनाने. राज्यांच्या विधिमंडळांकडे जाणारा बाण सरसकट काढू नकोस. कोणत्या तरतुदींना तो लागतो, ते त्याच्यावर लिहिलेलं मला दिसलं पाहिजे.

तुझा,
सर