मिरची पावडरचा रंग: नुसत्या ΔE वर थांबू नको

भाऊ, ΔE म्हणजे दोन रंगांमधला एकूण फरक. समज परीक्षेच्या प्रश्नात भिवापुरी मिरचीची पावडर आहे. ताजी असताना उजळपणा L* 40, लाल-हिरवा अक्ष a* 30, पिवळा-निळा अक्ष b* 28. साठवणुकीनंतर 43, 24, 30. फरक 3, −6, 2. वर्गांची बेरीज 49, तिचं वर्गमूळ म्हणजे ΔE 7. इथंच बरेच जण पेन ठेवतात. पण वर्ग केल्यावर उणे चिन्ह जातं, त्यामुळे रंग कुठे सरकला ते ΔE सांगत नाही. त्यासाठी रंगछटेचा कोन, म्हणजे b*/a* चा व्यस्त टॅन काढ: 43° वरून 51°, म्हणजे लाली उतरून पिवळेपणाकडे. कारण लाल कॅरोटिनॉइड रंगद्रव्यांचं ऑक्सिडीकरण. पालकासारख्या हिरव्या नमुन्यात a* उणे असतो. तिथे कॅल्क्युलेटर उणे कोन दाखवतो, त्यात 180 मिळव.