ॲसिटिलीन दिसले म्हणजे आर्किंगच, असे नाही

ट्रान्सफॉर्मरच्या तेलात विरघळलेल्या वायूंच्या अहवालातील ९ पीपीएम ॲसिटिलीन पाहून आपण आर्किंगचा, म्हणजे आत विजेच्या ठिणग्या पडत असल्याचा, निष्कर्ष काढलात, पण शेजारचे आकडेही वाचावेत: हायड्रोजन ६०, मिथेन १८०, इथेन ४५ आणि इथिलीन २७०. ॲसिटिलीनला इथिलीनने भागल्यास जेमतेम ०.०३ येते आणि मिथेन हायड्रोजनच्या तिप्पट भरतो. जोरदार आर्किंगमध्ये पहिले गुणोत्तर साधारणपणे ०.६ च्या वर जाते आणि हायड्रोजन मिथेनला मागे टाकतो. येथे इथिलीन इथेनच्या सहापट असल्याने हे ७०० अंश सेल्सिअसच्या वरचे तापणे आहे, आणि एवढ्या तापमानाला तेलातून थोडे ॲसिटिलीन सुटतेच. मी प्रथम वाइंडिंगचा रोध प्रत्येक टॅपवर मोजून सैल जोड किंवा खराब झालेले संपर्क शोधीन.

मात्र ॲसिटिलीन हायड्रोजनच्या दोन-तीन पटींहून अधिक असते, तर मला वेगळीच शंका आली असती: चालू भारावर बदलणाऱ्या टॅप चेंजरचे तेल मुख्य टाकीत झिरपत असावे, कारण तेथे प्रत्येक बदलाला ठिणगी पडतेच. शिवाय ही गुणोत्तरे वायू अत्यल्प असताना फसवी ठरतात. म्हणून दुसरा नमुना घेऊन वाढीचा वेग पाहावा.