फोटोतल्या वर्तुळाचं समीकरण काढताना

आलेखकागदाचा फोटो तिरका असला की त्यावरचं वर्तुळ अंड्यासारखं दिसतं, म्हणून पट्टीने त्रिज्या मोजू नकोस आणि केंद्रही नजरेने ठरवू नकोस. आधी अक्षांवरचे आकडे वाच. एक घर म्हणजे 1 की 2, हे दोन्ही अक्षांवर वेगवेगळं तपास. माझ्या बहुतेक चुका इथेच झाल्या.

मग रेघांच्या छेदावर नेमके बसणारे तीन बिंदू घे. समज, (1, 2), (7, 2) आणि (1, 10) मिळाले. पहिल्या दोघांना जोडणाऱ्या जीवेचा लंबदुभाजक x = 4, पहिल्या-तिसऱ्याचा y = 6. म्हणून केंद्र (4, 6). तिथून (1, 2) पर्यंतच्या अंतराचा वर्ग 9 + 16 = 25, म्हणजे समीकरण (x − 4)² + (y − 6)² = 25.

आता न वापरलेला चौथा बिंदू, जसं (9, 6), त्यात घालून बघ. 25 आलं नाही, तर बहुधा एखादा बिंदू चुकीचा वाचलाय.