इंटरनल माणूस जिथून उठला, तिथली खुर्ची कोणाची?

प्रश्न: रिक्रूटरचा मेल आलाय की पोझिशन इंटरनली क्लोज झाली, पण पुढे री-ओपन होऊ शकते, तेव्हा कळवू. तीन राउंड झाले होते माझे. यावर काय रिप्लाय करावा? की करूच नये?

उत्तर:

करा, आणि आजच करा. फक्त "ओके, थँक यू" लिहून सोडू नका. २०१८ मध्ये मी तेवढंच लिहिलं होतं आणि त्याची चुटपुट अजून गेलेली नाही.

मी कळव्याची. तेव्हा वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या कंपनीत अकाउंट्स पेएबल बघायचे. ऐरोलीच्या एका मोठ्या कंपनीत टीम लीडसाठी बोलावणं आलं. तिसऱ्या राउंडला फायनान्स मॅनेजर स्वतः बसले होते. माल आलाय पण बिल आलेलं नाही, अशा नोंदी महिनाअखेरीला कशा सोडवता, यावरच अर्धा तास बोलणं झालं. मला वाटलं, झालं काम. आठ दिवसांनी तुम्हाला आलाय तसाच मेल आला.

मी लांबलचक उत्तर लिहायला घेतलं होतं. दादाने ते वाचलं आणि म्हणाला, "एकदा नाही म्हणाले ना? मग मागे लागायचं नाही. लाचार दिसतं." दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा, घरात त्याचा शब्द चालायचा. मी दोन शब्द पाठवले आणि विषय संपवला.

दोन महिन्यांनी वाशी लोकलमध्ये जुन्या ऑफिसातली एक मैत्रीण भेटली. ती त्याच ऐरोलीच्या कंपनीत होती. तिच्याकडून कळलं की टीम लीड झालेली मुलगी व्हेंडर मास्टरच्या टीममधून आली होती, आणि तिची सिनियरची जागा महिनाभर रिकामी राहून शेवटी कन्सल्टन्सीतून भरली गेली. पगार माझ्या तेव्हाच्या पगारापेक्षा जास्त. मॅनेजरांनी "ती कळव्याची मुलगी" असं माझं नावही काढलं होतं म्हणे. पण नवीन जागेला नवीन जॉब आयडी नंबर पडला होता, एचआरने त्या नंबरखाली आलेलेच अर्ज पाहिले, आणि माझा अर्ज जुन्या, बंद झालेल्या नंबरखाली पडून राहिला.

आतला माणूस बाहेरून टपकत नाही. तो त्याच कंपनीतल्या कुठल्यातरी खुर्चीवरून उठून येतो, आणि ती खुर्ची बहुतेक वेळा भरावी लागते. तिला बॅकफिल म्हणतात. री-ओपन होण्याची वाट बघणारे सगळे जुन्या जागेकडे डोळे लावून बसतात आणि खरी जागा शेजारी उघडते. ती लगेच उघडत नाही, कारण जुना मॅनेजर त्या माणसाला हँडओव्हर झाल्याशिवाय सोडत नाही. सुटकेची तारीख ठरली की मगच नवीन माणसाची मागणी वरच्यांकडे जाते. त्याला महिना-दीड महिना जातो, म्हणून दुसऱ्या आठवड्यातच "काही अपडेट?" विचारण्यात अर्थ नसतो. तेव्हा एचआरलाही काही माहीत नसतं.

दुसरी गोष्ट नंबरची. मागणी "होल्ड"वर असेल तर तुमचा अर्ज आणि इंटरव्ह्यूचे शेरे तिथेच जिवंत राहतात. "क्लोज" झाली असेल तर पुढे तीच जागा पुन्हा निघाली तरी बहुतेक ठिकाणी नवीन नंबराने निघते आणि तुम्हाला पुन्हा अर्ज टाकावा लागतो. "री-ओपन" हा शब्द रिक्रूटर दोन्हींसाठी वापरतात, म्हणून स्पष्ट विचारायचं.

२०२१ मध्ये महाप्याच्या दुसऱ्या एका कंपनीकडून हाच मेल आला, गुरुवारी दुपारी चारला. या वेळी कोणाला विचारलं नाही. संध्याकाळच्या आत रिप्लाय केला. इंग्रजीत होता, मजकूर साधारण असा:

"कळवल्याबद्दल आभार. मॅनेजरांशी झालेलं बोलणं आवडलं आणि या टीममध्ये काम करायची माझी इच्छा कायम आहे. दोन गोष्टी कळवाल का? ही मागणी होल्डवर आहे की क्लोज झाली? आणि निवड झालेल्या व्यक्तीच्या सध्याच्या जागी भरती होणार आहे का? असल्यास माझा विचार व्हावा. माझा नोटीस पीरियड ६० दिवसांचा आहे. पाच आठवड्यांनी मी एकदा मेल करेन. तोपर्यंत माझे इतर इंटरव्ह्यू सुरू राहतील." खाली जॉब आयडी.

शेवटचं वाक्य धमकी वाटेल अशी भीती बाळगू नका. ते खरं असावं एवढंच. मी खरोखर थांबले नव्हते. तुर्भ्याच्या एका कंपनीची बोलणी चालू होती आणि ऑफर वेळेत आली असती तर मी तिकडे गेले असते.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: मागणी क्लोज, माणूस ट्रॅव्हल बिलांच्या डेस्कवरून आलाय, त्याच्या जागेचं अजून ठरलं नाही. पाच आठवड्यांनी मेल केला तर तो परत आला, कारण त्या रिक्रूटरचं कॉन्ट्रॅक्टच संपलं होतं. असं बऱ्याचदा होतं, म्हणून एका माणसावर विसंबू नका. मी लिंक्डइनवर मॅनेजरांना दोन ओळी टाकल्या, जॉब आयडीसकट. दोनच दिवसांपूर्वी ट्रॅव्हल डेस्कची मागणी निघाली होती. नवीन नंबरखाली अर्ज टाकला, जुने शेरे मॅनेजरांकडे होतेच, एकच राउंड झाला. मधल्या काळात एप्रिलचं इन्क्रिमेंट मिळालं होतं, म्हणून अपेक्षित पगाराचा आकडाही नवा सांगितला. फॉर्मवरचा जुना आकडा तसाच राहिला तर एचआर त्यावरूनच हिशोब धरते.

दादा आजही म्हणतो की तुझं नशीब. नशीब नाही. मी एक प्रश्न विचारला होता, जो २०१८ मध्ये विचारायला हवा होता. आणि लाचारी काय असते तेही सांगते. "कुठलीही पोस्ट चालेल, पगार कमी असला तरी चालेल, प्लीज माझा विचार करा", ही लाचारी. मी ते लिहिलं नाही आणि तुम्हीही लिहू नका. "माझ्यात काय कमी होतं?" हेही इथे विचारू नका. जागा आतल्या माणसाला गेली आहे, खरं उत्तर मिळणार नाही.

आता जे आधी सांगायला हवं होतं ते. रिक्रूटर कंपनीचा नसून कन्सल्टन्सीचा असेल तर परस्पर मॅनेजरला गाठू नका. तुमचा प्रोफाइल काही महिने, बऱ्याचदा सहा, त्यांच्या नावावर धरला जातो आणि दोघांच्या भांडणात अर्ज बाजूला पडतो. प्रश्न कन्सल्टंटमार्फतच विचारा. कंपनी पंधरा-वीस माणसांची असेल तर बॅकफिल वगैरे सहसा काही नसतं, आहेत त्यांच्यावरच काम वाटतात. आणि काही ठिकाणी आतला माणूस आधीच ठरलेला असतो, बाहेरचे इंटरव्ह्यू नियम म्हणून घेतात. तिथे तुमच्या प्रश्नाला उत्तरच येत नाही किंवा "कळवू" एवढंच येतं. पाच आठवड्यांचा तो एक मेल करा आणि ते पान उलटा.

गेल्या महिन्यात दादाच्या मुलाला रबाळ्याच्या एका कंपनीकडून हाच मेल आला. त्याने बाबांना न सांगता मला फोन केला. आम्ही दोघांनी मिळून रिप्लाय लिहिला, आणि कालच उत्तर आलं: मागणी होल्डवर आहे.