‘केले जाते’ दिसले की कर्ता शोधावा

तुमच्या मसुद्यात ‘मालवणच्या किनाऱ्यावर रापणीद्वारे मासेमारी करण्यात येते व मिळालेल्या मासळीचे वाटप केले जाते’ असे वाक्य आहे. अशा ठिकाणी ‘कोण?’ असे विचारावे आणि ‘करणे’ या गुळमुळीत क्रियापदामागे नेमकी कोणती कृती दडली आहे, ते पाहावे. मग वाक्य असे होईल: ‘रापणकर होडीतून समुद्रात जाळे सोडतात, त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावरून ओढतात आणि मासळीचे वाटे घालतात.’ उत्तर सापडत नसेल, तर माहितीच अपुरी आहे असे समजून रापणकरांनाच विचारावे. मात्र ‘रापणकरांनी जाळे ओढले’ हे वाक्य व्याकरणाने कर्मणी असले, तरी त्यात कर्ता स्पष्ट दिसतो आणि क्रियापदही नेमके आहे. त्याला हात लावू नये.